एकाला तीन फ्लोरीन, आकार मात्र तीन

अकरावीच्या रसायनशास्त्रात रासायनिक बंधांचा धडा संपत आला की बहुतेक ठिकाणी एक वर्कशीट हातात पडतं. डावीकडे रेणूंची सूत्रं आणि पुढे मोकळे रकाने: ठिपक्यांची आकृती, जोड्यांची संख्या, आकार, कोन, संकरण आणि शेवटी 'ध्रुवीय की अध्रुवीय'. चांगल्या शिक्षकाने तयार केलेल्या शीटमध्ये BF₃, NF₃ आणि ClF₃ हे तीन रेणू हमखास एकाखाली एक येतात. तिन्हींत मधोमध एक अणू आणि त्याला लागलेले तीन फ्लोरीन. सूत्रं पाहून कुणीही म्हणेल की आकारही सारखेच असणार. प्रत्यक्षात पहिला रेणू सपाट त्रिकोणी आहे, दुसरा बसक्या तिपाईसारखा आणि तिसरा चक्क इंग्रजी T अक्षरासारखा.

फरक पडतो तो मधल्या अणूभोवती किती इलेक्ट्रॉन-जोड्या आहेत यामुळे. त्या मोजायला फार काही लागत नाही. मधल्या अणूच्या बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन घ्यायचे, प्रत्येक फ्लोरीनचा एक मिळवायचा आणि बेरजेला दोनाने भागायचं. बोरॉनचे तीन आणि फ्लोरीनचे तीन मिळून सहा, म्हणजे तीन जोड्या. नायट्रोजनचे पाच अधिक तीन आठ, म्हणजे चार जोड्या. क्लोरीनचे सात अधिक तीन दहा, म्हणजे पाच. यातल्या तीन जोड्या फ्लोरीनला बांधून ठेवण्यात खर्च होतात. उरलेल्या जोड्या कुठल्याच अणूला बांधलेल्या नसतात. त्या एकाकी जोड्या, वर्गातल्या भाषेत लोन पेअर. बोरॉनकडे अशी एकही जोडी उरत नाही, नायट्रोजनकडे एक उरते आणि क्लोरीनकडे दोन.

या जोड्या एकमेकींपासून जमेल तितक्या दूर राहतात आणि रेणूचा आकार त्यातून ठरतो. ऑक्सफर्डच्या नेव्हिल सिजविक आणि हर्बर्ट पॉवेल यांनी १९४० साली हा विचार मांडला. त्याला आजचं रूप दिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी, १९५७ साली. जोड्या नुसत्या मोजून भागत नाही, एकाकी जोडी बांधलेल्या जोडीपेक्षा जास्त जागा अडवते, हे त्यांनी ठासून सांगितलं. कारण समजायला सोपं आहे. बांधलेली जोडी दोन अणुकेंद्रांच्या ओढीत ताणली जाऊन निमुळती होते. एकाकी जोडीवर एकाच केंद्राची ओढ असते, म्हणून ती मधल्या अणूजवळ ऐसपैस पसरते. 'ऋण प्रभार एकमेकांना ढकलतात' एवढंच कारण पुस्तकांत बऱ्याचदा दिलेलं असतं. गिलेस्पींचा भर मात्र पाउलीच्या अपवर्जन नियमावर होता: सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकाच जागी दाटी करू शकत नाहीत. वर्कशीटचं उत्तर दोन्ही कारणांनी तेच येतं.

आता रकाने भरायला घेऊ. BF₃ एका ओळीत आटोपतो. तीन जोड्या, एकाकी एकही नाही, म्हणून तिन्ही बंध एकाच पातळीत १२० अंशांवर. कागदावर तीन साध्या रेघा काढल्या की चित्र पूर्ण होतं.

NF₃ ला कागद अपुरा पडू लागतो. चार जोड्यांनी जास्तीत जास्त दूर राहायचं तर त्यांना चतुष्फलकाच्या चार टोकांकडे तोंड करावं लागतं आणि आदर्श कोन येतो १०९.५ अंशांचा. चारातलं एक टोक एकाकी जोडीने घेतलं की ती उरलेल्या तीन बंधांना खाली रेटते. प्रत्यक्ष मोजलेला F–N–F कोन १०२ अंशांच्या आसपास आहे. अमोनियात, म्हणजे NH₃ मध्येही चारच जोड्या आणि त्यांतली एकच एकाकी, तरी तिथला कोन सुमारे १०७ अंश. फ्लोरीन बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचून घेतो, त्यामुळे नायट्रोजनजवळ त्या जोड्यांना जागा कमी लागते आणि एकाकी जोडी त्यांना आणखी जवळ ढकलू शकते. चित्र काढताना एक बंध साध्या रेघेने, एक आपल्याकडे येणाऱ्या भरीव पाचरीने आणि एक मागे जाणाऱ्या तुटक पाचरीने दाखवायचा असतो. पाचरी न काढता तीन रेघा मारल्या तर हे चित्र आणि BF₃ चं चित्र यांत काही फरक उरत नाही. मुलांचे निम्मे मार्क इथेच जातात.

खरा कस लागतो ClF₃ ला. पाच जोड्या एकमेकींपासून सारख्याच अंतरावर बसू शकतील अशी रचनाच नाही. त्यातल्या त्यात सोयीची मांडणी अशी: तीन जोड्या मधल्या पातळीत १२० अंशांवर, एक सरळ वर आणि एक सरळ खाली. या मांडणीत दोन प्रकारच्या जागा तयार होतात. वरच्या किंवा खालच्या जागेला ९० अंशांवर तीन शेजारी असतात. मधल्या पातळीतल्या जागेला तेवढे जवळचे शेजारी दोनच, बाकीचे दोघे १२० अंश लांब. मग दोन एकाकी जोड्या बसवायच्या कुठे?

पर्याय तीन आहेत. एक वर आणि एक मधल्या पातळीत बसवली तर त्या दोघी एकमेकींना ९० अंशांवर भिडतात आणि यापेक्षा वाईट काही नाही, म्हणून तो पर्याय लगेच बाद. एक वर आणि एक खाली बसवली तर दोघी समोरासमोर, चांगल्या लांब राहतात. तिन्ही फ्लोरीन मधल्या पातळीत आल्याने रेणूही BF₃ सारखा देखणा, सपाट त्रिकोणी दिसतो. बरेच जण हेच उत्तर लिहून पुढे जातात. पण मोजून पाहिलं तर या मांडणीत प्रत्येक एकाकी जोडीला ९० अंशांवर तीन बंध लागून आहेत, म्हणजे एकूण सहा टकरी. दोन्ही एकाकी जोड्या मधल्या पातळीत ठेवल्या तर प्रत्येकीला फक्त वरचा आणि खालचा असे दोन बंध जवळ येतात, म्हणजे एकूण चार. त्या दोघींमध्ये १२० अंशांचं अंतरही राहतं. सहापेक्षा चार बरे, म्हणून हाच पर्याय जिंकतो. आता फ्लोरीनसाठी उरतात त्या वरची, खालची आणि मधली एक अशा तीन जागा. एकाकी जोड्या मोजमापांत अणूंसारख्या दिसत नाहीत. दिसतात ते अणू, आणि ते T आकारात असतात.

हे नुसतं कागदी गणित नाही. सूक्ष्मलहरींच्या वर्णपटावरून या रेणूची रचना १९५३ मध्येच मोजली गेली होती. T ची आडवी आणि उभी रेघ यांच्यातला कोन नेमका ९० नसून ८७.५ अंश आहे, कारण दोन धष्टपुष्ट एकाकी जोड्या समोरासमोरच्या फ्लोरीनना तिसऱ्याकडे किंचित वाकवतात. त्या दोन बंधांची लांबी सुमारे १७० पिकोमीटर, तर मधल्या पातळीतला एकटा बंध सुमारे १६० चा. ज्यांच्यावर दाटी जास्त ते लांबले. चित्र काढताना T कागदाच्या पातळीत काढावा आणि दोन एकाकी जोड्या त्याच्या पाठीमागच्या बाजूने, एक भरीव पाचरीवर आणि एक तुटक पाचरीवर दाखवाव्या. मग तपासणाऱ्याला एकही शब्द वाचावा लागत नाही.

संकरणाचा रकाना यानंतर येतो आणि तो नंतरच यायला हवा. तीन जोड्यांना sp², चार जोड्यांना sp³, पाच जोड्यांना sp³d. जोड्या मोजल्या की नाव आपसूक मिळतं. लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये ही कल्पना मांडली ती कार्बनचे चार सारखे बंध समजावून सांगण्यासाठी, आणि तिथे ती झकास बसते. पण 'sp³ आहे म्हणून कोन १०९.५' असं उत्तर लिहिणं म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणं. आधी आकार कळतो, मग त्याला साजेसं संकरण सांगता येतं. हायड्रोजन सल्फाइडचंच पाहा. पाण्यासारख्याच त्याच्याही चार जोड्या, त्यांतल्या दोन एकाकी. पाण्यातला कोन १०४.५ अंश, H₂S मधला मात्र जेमतेम ९२. जोड्या मोजून 'वाकडा रेणू' हे उत्तर बरोबर येतं. Sp³ हे लेबल मात्र तिथे नीट चिकटत नाही. ClF₃ चं sp³d तर आणखी डळमळीत आहे. नंतरच्या संगणकीय अभ्यासांत क्लोरीनच्या d कक्षकांचा वाटा अगदी किरकोळ निघाला. परीक्षेत sp³d लिहावं, मार्क मिळतात. फक्त ते आकाराचं कारण आहे असं मानू नये.

शेवटचा रकाना ध्रुवीयतेचा. BF₃ मधला प्रत्येक बंध जोरदार ध्रुवीय आहे, पण तीन सारख्या ओढी १२० अंशांवर असल्याने बेरीज शून्य होते. NF₃ मात्र अनेकांना चकवतो. नायट्रोजन आणि फ्लोरीन यांच्यातल्या बंधाची ओढ अमोनियातल्या बंधापेक्षा कमी नाही, तरी NF₃ चा डायपोल मोमेंट फक्त ०.२३ डिबाय, आणि अमोनियाचा १.४७. अमोनियात बंधांमधले इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे ओढलेले असतात, म्हणजे एकाकी जोडीच्याच दिशेने, त्यामुळे दोन्ही परिणाम एकमेकांत मिळतात. NF₃ मध्ये फ्लोरीन इलेक्ट्रॉन खाली ओढतात आणि एकाकी जोडी वर पसरलेली असते. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. चित्रावर बाण काढणाऱ्याला हे लगेच दिसतं. बंधांच्या जोडीला एकाकी जोडीसाठीही एक बाण काढायला हवा, एवढीच अट.

सपाट चित्र कसं फसवतं याचा सगळ्यात चांगला नमुना मात्र शीटच्या तळाशी असतो: CH₂Cl₂. ठिपक्यांची आकृती काढताना बहुतेक जण कार्बनच्या वर-खाली क्लोरीन आणि डावी-उजवीकडे हायड्रोजन लिहितात. आकृती म्हणून त्यात काहीच चूक नाही. पण पुढच्या रकान्यात त्याच आकृतीवर बाण काढले की क्लोरीनचे बाण समोरासमोर येतात, रद्द होतात आणि उत्तर येतं 'अध्रुवीय'. मोजलेला डायपोल मोमेंट १.६ डिबाय आहे.

चतुष्फलकाची कुठलीही दोन टोकं घेतली तरी ती एकमेकांची शेजारीच असतात. त्यात समोरासमोर अशी जोडी नसतेच. याच मुद्द्यावर १८७४ साली याकोबस व्हान्ट हॉफ यांनी कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या टोकांकडे असतात असं मांडलं, आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या जोसेफ ल बेल यांनीही स्वतंत्रपणे तसाच विचार मांडला. कार्बन सपाट चौकोनी असता तर CH₂Cl₂ दोन प्रकारचं मिळायला हवं होतं: एकात क्लोरीन शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. प्रयोगशाळेत कुणालाही एकाहून जास्त प्रकार सापडला नव्हता. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. ल्युइस यांनी जोड्यांची कल्पना मांडायला अजून बेचाळीस वर्षं होती.