काट्यावरची टाकी आणि निसटणारा क्षण

घरचा नळ मिनिटाला किती पाणी देतो हे पाहायला बादली आणि घड्याळ पुरते. कारखान्यातला किंवा पाणीपुरवठ्याचा फ्लो मीटर खरे बोलतो की नाही, हेही शेवटी याच युक्तीने तपासतात. फक्त इथली बादली एखाद-दोन टनांची असते आणि ती वजनकाट्यावर बसवलेली असते. पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था किंवा केरळात पालक्काडची फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट, अशा ठिकाणी पाण्याच्या मीटरचे कॅलिब्रेशन होते, त्यातली ही मूळ पद्धत.

टाकीवर खुणा करून लिटर मोजता आले असते. पण पाण्याचा पृष्ठभाग हिंदकळतो, टाकी उन्हाने किंचित फुगते. काट्याला याचे काही नाही. भिंतीला चिकटलेला थेंबही तो मोजतो. अट एवढीच की टाकीला कुठलीही नळी टेकलेली नसावी, नाहीतर थोडा भार ती नळीच उचलते.

वजन करणे सोपे. अवघड आहे ते पाणी घ्यायला सुरुवात करण्याचा आणि थांबवण्याचा क्षण पकडणे. झडप उघडून सुरुवात केली तर प्रवाह शून्यातून चढत जातो आणि त्या चढणीवर मीटर वेगळेच वागतो. म्हणून प्रवाह कधी बंदच करत नाहीत. उंचावरच्या टाकीच्या कडेवरून पाणी सतत सांडत ठेवतात, म्हणजे तिथली पातळी बदलत नाही आणि खालच्या नळीतला दाबही. ते पाणी मीटरमधून जाऊन एका लांबट फटीतून पातळ पडद्यासारखे पडते. पडद्याखाली डायव्हर्टर असतो, म्हणजे धारदार कडेचा हलता पडदा. तो एका बाजूला असला की पाणी हौदात परत जाते, दुसऱ्या बाजूला गेला की काट्यावरच्या टाकीत. मीटरला यातले काहीच कळत नाही. पाते मधोमध आले की सेन्सर घड्याळ सुरू करतो, परतताना तोच ते थांबवतो.

पाते जाताना आणि येताना सारखेच वागले तर दोन्ही चुका एकमेकींना खातात. पण ते ढकलणाऱ्या हवेच्या सिलिंडरची एक बाजू जरा सुस्त असते, किंवा पाण्याचा पडदा एकीकडे जाड असतो. समजा, प्रत्येक वेळी ०.०२ सेकंदाचे पाणी जास्त आले. सेकंदाला २० लिटरच्या प्रवाहात ते ०.४ किलो होते. मिनिटभराच्या १२०० किलोंत ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून एक खाशी युक्ती करतात. तोच प्रवाह आधी सलग ६० सेकंद घेतात, मग सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे पाडून घेतात. दहा तुकड्यांत तीच चूक दहादा होते, म्हणजे ४ किलो. दोन्हींवरून काढलेला प्रवाह ०.३ टक्क्याने वेगळा दिसला की चोर पाते आहे हे कळते, आणि सेन्सर थोडा सरकवून त्याला वठणीवर आणतात.

आता हिशेब. १०० मिलिमीटर व्यासाचा विद्युतचुंबकीय मीटर, ६० सेकंदांचे पाणी. काटा म्हणतो ११९८.२ किलो, मीटर म्हणतो १२०९.७ लिटर. एक किलो म्हणजे एक लिटर असे धरले, तर मीटर ०.९६ टक्के जास्त दाखवतो असे ठरेल.

तो अन्याय होईल. हवासुद्धा पाण्याला थोडी वर उचलते. काटा पोलादी वजनांनी जुळवलेला असतो, आणि तेवढ्याच भाराचे पाणी पोलादाच्या सुमारे आठपट जागा व्यापत असल्याने हवेचा आधार त्याला जास्त मिळतो. त्यामुळे काट्याचा आकडा सुमारे १.००१०५ ने गुणावा लागतो. खरे वस्तुमान ११९९.५ किलो. शिवाय पाणी २७ अंशांवर होते, तेव्हा त्याचा लिटर ०.९९६५ किलोचाच. भागाकार केला की १२०३.७ लिटर येतात. मीटरची खरी चूक ०.५ टक्के. थर्मामीटर न बघणाऱ्याने ती जवळजवळ दुप्पट करून प्रमाणपत्रावर लिहिली असती.

नळीत अडकलेली हवा हा आणखी एक उपद्रव. मीटर आणि फटीच्या मधल्या नळीत बुडबुडा राहिला आणि चाचणीत आक्रसला किंवा सरकला, तर मीटरमधून गेलेले सगळे पाणी टाकीपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी बराच वेळ नुसते पाणी वाहू देतात. टाकी भरल्यावरही काटा काही मिनिटे बघत बसतात. आकडा हळूहळू उतरू लागला तर खालची झडप गळते आहे.

पद्धतीला मर्यादा आहे ती आकाराची. दोन मीटर व्यासाच्या जलवाहिनीत पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने धावत असेल, तर दर सेकंदाला तीन टनांहून जास्त पाणी येते; मिनिटभराचे पाणी १८८ टन. एवढी टाकी काट्यावर कोण ठेवणार? अशा वाहिन्यांवर बहुधा बाहेरून चिकटवण्याचे अल्ट्रासॉनिक मीटर लावून तुलना करतात, आणि तिथे एक-दोन टक्क्यांच्या फरकावर समाधान मानावे लागते.