चित्र पुढे, आवाज मागे! मोबाइलवर टिपलेल्या नाटकाचा मेळ का बिघडतो?

गोंदिया जिल्ह्यातील देवरी परिसर झाडीपट्टी रंगभूमीचा. दिवाळीनंतर येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतात. हे प्रयोग अनेक जण मोबाइलवर टिपतात. मोबाइलमध्ये व्हिडिओ नीट दिसतो. मात्र संगणकावर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलला की सुरुवातीला जुळणारा आवाज हळूहळू मागे पडतो. शेवटच्या अंकात तर पात्राचे ओठ मिटल्यावर संवाद ऐकू येतो.

कारण काय?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे, अर्थात फ्रेम. मोबाइलवर ‘३०’ हा पर्याय निवडला तरी तो दर सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम टिपतोच असे नाही. प्रकाश कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळावा म्हणून अनेक फोन हा वेग उतरवतात. यालाच बदलता फ्रेम रेट म्हणतात. प्रत्येक फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची, याची नोंद फाइलमध्ये असते. मोबाइलचा प्लेअर ती पाळतो, म्हणून तिथे गडबड दिसत नाही. काही कन्व्हर्टर आणि एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र ही नोंद न पाहता फ्रेम नुसत्या मोजतात आणि सेकंदाला ३० या हिशेबाने लावतात. आवाजाची लांबी मात्र तेवढीच राहते.

एक हिशेब

समजा, एका तासाचे चित्रीकरण आहे. त्यात २० व्या ते ३० व्या मिनिटापर्यंत रंगमंचावर अंधाराचा प्रवेश आहे आणि तेवढा वेळ मोबाइलने सेकंदाला २४ च फ्रेम टिपल्या. त्या १० मिनिटांत १४,४०० फ्रेम झाल्या. सेकंदाला ३० प्रमाणे लावल्यास त्या ८ मिनिटांतच संपतात. म्हणजे चित्र ५८ मिनिटांचे, आवाज ६० मिनिटांचा.

अशा वेळी अनेक जण आवाजाचा वेग थोडा वाढवून तो ५८ मिनिटांत बसवतात. शेवट जुळतो, पण मधला भाग बिघडतो. २० व्या मिनिटापर्यंत चित्र बरोबर होते. आता तिथला आवाज १९ मिनिटे ४० सेकंद होण्याच्याही आधी, १९ मिनिटे २० सेकंदांवरच येतो. म्हणजे आवाज ४० सेकंद पुढे. अंधाराचा प्रवेश संपतो तिथे उलट तो एक मिनिट मागे. चूक एकाच प्रवेशात झाली असताना ती संपूर्ण तासावर सारखी वाटून सुटत नाही.

आधी खात्री करा

तबल्यावर थाप पडताना दिसते आणि ऐकू येते, अशा दोन जागा निवडा: एक सुरुवातीची, एक शेवटची. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर कारण वेगळे आहे. आवाज तेवढाच पुढे-मागे सरकवला की काम होते. फरक वाढत गेला असेल, तर मूळ फाइल `MediaInfo` या मोफत अॅपमध्ये उघडा. `Frame rate mode` समोर `Variable` दिसले, तर दोष बहुधा इथेच आहे.

दुरुस्ती कशी?

बिघडलेली फाइल बाजूला ठेवा आणि मोबाइलमधील मूळ फाइल केबलने संगणकावर घ्या. `HandBrake` या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून `Video` टॅबमध्ये `Framerate` ३० करा आणि त्याजवळचा `Constant Framerate` हा पर्याय निवडा. `Peak Framerate` ठेवल्यास फ्रेम रेट बदलताच राहतो. `ffmpeg` वापरणाऱ्यांसाठी हेच काम एका ओळीत होते:

```
ffmpeg -i natak.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy natak30.mp4
```

दोन्ही पद्धतींत वेळेची नोंद वाचली जाते आणि जिथे फ्रेम कमी आहेत तिथे आधीची फ्रेम पुन्हा लावली जाते. आपल्या उदाहरणातील अंधाराच्या १० मिनिटांत अशा ३,६०० फ्रेम भरल्या जातील आणि चित्र पुन्हा ६० मिनिटांचे होईल. त्या प्रवेशातील हालचाल किंचित अडखळत दिसू शकते, पण संवाद ओठांवर बसतो. काटछाट आणि एडिटिंग या नव्या फाइलवरच करावे.

मूळ फाइल पुसली असेल तर?

बिघडलेल्या फाइलमध्ये वेळेची मूळ नोंद उरलेली नसते. मग प्रवेशागणिक आवाज कापून, थाप पाहून हाताने जुळवावा लागतो. म्हणून नवी फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तपासल्याशिवाय मोबाइलमधील मूळ चित्रीकरण पुसू नये. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील `Auto FPS` बंद ठेवल्यास कमी उजेडात वेग आपोआप उतरत नाही. मात्र अंधारातील चित्र थोडे काळपट येते.