चार डॉक, तासाला सहा ट्रक आणि तरीही रांग

भिवंडीच्या पट्ट्यातलं एक गोदाम डोळ्यांसमोर आणू. माल भरायला चार डॉक आहेत. तासाला सरासरी सहा ट्रक येतात. ट्रक डॉकला लागल्यापासून भरून बाहेर पडेपर्यंत सरासरी अर्धा तास जातो. म्हणजे एक डॉक तासाला दोन ट्रक भरतो आणि चार डॉक मिळून आठ. येणार सहा, भरू शकतो आठ. सरासरी पाहिली तर तीन डॉक कामात आणि एक मोकळा. तरीही या गोदामात येणाऱ्या निम्म्याहून किंचित जास्त ट्रकांना, नेमकं सांगायचं तर शंभरातल्या ५१ ट्रकांना, गेटवर थांबावं लागेल.

हा आकडा काढण्याची रीत आग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाची. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरी करताना त्याच्यापुढे प्रश्न होता तो फोनच्या तारांचा: अमुक इतके कॉल येत असतील, तर सगळ्या तारा गुंतलेल्या सापडण्याची शक्यता किती? त्याची सूत्रं १९१७ साली प्रसिद्ध झाली. तारेच्या जागी डॉक आणि कॉलच्या जागी ट्रक ठेवला, की तेच गणित गोदामाला लागू पडतं.

सूत्र दिसायला किचकट आहे, पण त्यामागचा विचार साधा आहे. आवारात कधी एकही ट्रक नसतो, कधी एक असतो, कधी दोन, कधी सात. यातली प्रत्येक स्थिती एकूण वेळेच्या किती हिश्शात असते, एवढंच शोधायचं. त्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यायची. आवारातली संख्या शून्यावरून एकवर जितक्या वेळा चढते, जवळपास तितक्याच वेळा ती एकवरून शून्यावर उतरते. चढल्याशिवाय उतरता येत नाही आणि उतरल्याशिवाय पुन्हा चढता येत नाही. दोन आणि तीनमध्येही हेच, सहा आणि सातमध्येही हेच.

आता ‘एकही ट्रक नाही’ या स्थितीला १ हे वजन देऊ. इथून वर जाण्याचा वेग तासाला ६, कारण सहा ट्रक येतात. एक ट्रक असताना खाली येण्याचा वेग तासाला २, कारण एकच डॉक काम करतोय. दोन्हीकडची ये-जा सारखी राहायची, तर ‘एक ट्रक’ या स्थितीचं वजन ६ भागिले २, म्हणजे ३ हवं. दोन ट्रक असताना दोन डॉक चालू असतात, वेग ४. म्हणून वजन ३ गुणिले ६ भागिले ४, म्हणजे ४.५. तीन ट्रकांना वेग ६, वजन ४.५ च राहतं. चार ट्रकांना वेग ८, वजन ३.३७५.

पाचव्या ट्रकापासून चित्र बदलतं. डॉक चारच असल्यामुळे ट्रक कितीही साचले, तरी काम तासाला आठच्या वर जात नाही. म्हणून पुढचं प्रत्येक वजन आधीच्या वजनाच्या सहा-अष्टमांश, म्हणजे पाऊणपट होत जातं. चार, पाच, सहा अशी ही न संपणारी शेपटी बेरजेत १३.५ भरते. शून्य ते तीन ट्रकांच्या स्थितींची बेरीज १३ होते. एकूण २६.५. पैकी चारही डॉक भरलेले असतात त्या स्थितींचा वाटा १३.५ भागिले २६.५, म्हणजे ५१ टक्के. येणारा ट्रक वेळ साधून येत नसेल, कधीही टपकत असेल, तर सगळे डॉक गुंतलेले सापडण्याची शक्यताही नेमकी तेवढीच.

‘सरासरी एक डॉक मोकळा’ हे वाक्य खरं असूनही उपयोगाचं का नाही, ते इथे कळतं. डॉक रिकामा असताना वाया गेलेली पंधरा मिनिटं पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत. सकाळी दोन डॉक मोकळे होते, याचा दुपारी सातव्या नंबरवर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला काहीच फायदा नसतो.

थांबण्याची शक्यता कळली की थांबण्याचा वेळही निघतो. क्षमता आणि आवक यांतला फरक तासाला दोन ट्रकांचा. ज्याला थांबावं लागतं तो सरासरी अर्धा तास थांबतो. न थांबणारेही धरले तर दर ट्रकामागे साधारण १५ मिनिटं. पाचवा डॉक काढला, तर थांबण्याची शक्यता ५१ वरून २४ टक्क्यांवर येते आणि सरासरी थांबणं साडेतीन मिनिटांवर.

पण डॉक बांधणं खर्चाचं काम. त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, रांग एकच आहे ना? काही ठिकाणी प्रत्येक डॉक एकेका पार्टीला किंवा ट्रान्सपोर्टरला नेमून दिलेला असतो. आपल्या गोदामात तसं केलं आणि आवक चौघांत सारखी वाटली, तर प्रत्येक डॉकला तासाला दीड ट्रक येतो. थांबण्याची शक्यता ७५ टक्के होते आणि सरासरी थांबणं १५ मिनिटांवरून थेट दीड तासावर जातं. डॉक तेवढेच, हमालांची टोळी तेवढीच, ट्रकही तेवढेच. फक्त शेजारचा डॉक मोकळा असूनही तिथे लागायची मुभा नाही.

दुसरी गोष्ट, डॉकवरच्या अर्ध्या तासात काय काय मोजलं? माल भरून झाल्यावर चलान किंवा ई-वे बिल यायचं राहिलं म्हणून ट्रक पाच मिनिटं तिथेच उभा असेल, तर गणिताच्या दृष्टीने डॉक गुंतलेलाच आहे. अर्ध्या तासाची पस्तीस मिनिटं झाली, की थांबण्याची शक्यता ५१ वरून ७४ टक्क्यांवर जाते आणि सरासरी थांबणं १५ वरून जवळजवळ ५२ मिनिटांवर. पाच मिनिटांची ढिलाई प्रत्येक ट्रकाला सदतीस मिनिटांना पडते. ट्रक बाजूला लावून कागद तिथे दिले, तर हे टळतं.

या हिशेबाच्या मर्यादाही आहेत. त्यात भरण्याचा वेळ फार कमीजास्त होतो असं धरलेलं असतं: काही ट्रक दहा मिनिटांत निघतात, काही तासभर अडकतात. सगळे एकाच मापाचे बॉक्स पॅलेटवरून भरत असाल, तर वेळ इतका हलत नाही. मग थांबण्याची शक्यता फारशी बदलत नाही, पण थांबण्याचा काळ बराच कमी होतो. वेळ देऊन बोलावलेले ट्रक वेळेवर येत असतील, तर आकडे आणखी उतरतात. उलट, तासाला सहा ही दिवसभराची सरासरी असेल आणि प्रत्यक्षात सकाळी दहा व दुपारी तीन येत असतील, तर सूत्र फसवं ठरतं. दहाची आवक आठच्या क्षमतेला झेपतच नाही. रांग वाढत जाते आणि तिला ‘सरासरी’ अशी उरतच नाही.

म्हणून सुरुवात गेटच्या रजिस्टरपासून करावी. प्रत्येक ट्रकाच्या तीन वेळा टिपायच्या: गेटवर आला ती, डॉकला लागला ती आणि डॉक सोडला ती. दोन आठवड्यांच्या नोंदींवरून तासवार आवक, डॉकवरचा खरा वेळ आणि थांबलेल्या ट्रकांचं प्रमाण निघतं. हे प्रमाण सूत्राच्या उत्तराशी जुळलं, तर डॉक खरोखरच कमी पडताहेत. ते सूत्राहून बरंच जास्त निघालं, तर डॉक मोकळा असतानाही ट्रक आत सोडला जात नाहीये. अशा वेळी पाचव्या डॉकचा खर्च करण्याआधी गेट आणि डॉक यांच्यामधलं काम कुठे अडतंय ते शोधावं.