चॅट फाइलमध्ये उतरवताना

चिंचणीतल्या एखाद्या दुकानदाराने बोईसरच्या घाऊक व्यापाऱ्याशी व्हॉट्सॲपवर झालेले बोलणे हिशेबासाठी ‘एक्सपोर्ट चॅट’ करून ठेवले, असे समजा. हाती येते ती साधी .txt फाइल. तिच्यात ठळक, तिरकी किंवा खोडलेली अक्षरे राहूच शकत नाहीत. राहतात फक्त त्यांच्या खुणा:

```
12/03/24, 10:15 am - दुकान: ~5~ *12* पेट्या पाठवा
```

पडद्यावर 5 खोडलेले आणि 12 ठळक दिसत होते. फाइलमध्ये दोन्ही आकडे सारखेच उभे. म्हणून खुणा ‘साफ’ करण्याची घाई करू नये. खुणा पुसल्या की खोडलेला 5 पुन्हा जिवंत होतो आणि ऑर्डर ‘5 12’ अशी वाचली जाते.

दुसरे नुकसान खुणेशिवाय होते. जुना संदेश निवडून ‘हो, हाच भाव’ असे उत्तर दिले असेल, तर तो मूळ संदेश उत्तरासोबत येत नाही. संदेशावर नुसती अंगठ्याची रिॲक्शन देऊन कळवलेला होकारही गळतो. अशा ठिकाणी स्क्रीनशॉट जोडावा.

मराठीऐवजी ‘à¤’ असली अक्षरे दिसली, तर मजकूर बिघडलेला नसतो. फाइल उघडताना UTF-8 निवडावे.