पैसे अडले, मुदत सरत आली

समजा, सांगलीच्या एका व्यापाऱ्याने १० फेब्रुवारीला हळदीचा कंटेनर परदेशी पाठवला. बिल ४०,००० डॉलरचे. २५,००० आले, उरलेल्यांसाठी खरेदीदार तारखा देत राहिला.

ही उधारी फक्त त्या दोघांची नसते. निर्यातीचे परकीय चलन ठरलेल्या मुदतीत देशात आणणे परकीय चलन कायद्याने बंधनकारक आहे. ही मुदत पूर्वी ९ महिने होती. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १५ महिने केली. म्हणजे या व्यापाऱ्याला पुढच्या वर्षीच्या १० मेपर्यंत वेळ. तोवर पूर्ण रक्कम आली नाही, तर बँकेच्या संगणकात त्याचे शिपिंग बिल थकीत दिसते.

म्हणून पत्र मुदत संपण्याआधीच जायला हवे. ‘खरेदीदार अडचणीत आहे’ एवढे लिहून भागत नाही, आणि नेमके इथेच अनेकांचे पत्र लंगडे पडते. बँकेला खात्री हवी असते, की विलंब निर्यातदाराच्या हाताबाहेरचा आहे. त्यामुळे शिपिंग बिलाचा क्रमांक व तारीख, आलेले २५,००० आणि बाकी १५,००० डॉलर स्पष्ट लिहावेत. सोबत खरेदीदाराचे ईमेल जोडावेत. त्याने हप्त्यांच्या तारखा लेखी दिल्या असतील, तर पत्राचे वजन वाढते. वाढीव मुदतीत रक्कम आणण्याचे घोषणापत्रही द्यावे लागते.

बँक एका वेळी सहा महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. व्यवहाराची ईडी किंवा सीबीआयकडून चौकशी चालू असेल, तर मात्र तिला स्वतःच्या अधिकारात हे करता येत नाही.