कामाच्या नादात भूक मरते कशी? आणि थकल्यावर अचानक परत कुठून येते?

लग्नघरातला नवरीचा मामा आठवून पाहा. सकाळी ७ वाजता चहा-पोहे होतात, मग हॉल, भटजी, आहेर, पाहुणे. दुपारी पंगती उठतात, पण "मामा, जेवून घ्या" म्हटलं की उत्तर एकच: "भूकच नाहीये!" संध्याकाळी पाठवणी होते, मामा खुर्चीत टेकतात आणि १० मिनिटांत पोटात कावळे ओरडायला लागतात.

मग दिवसभर ही भूक होती कुठे?

आपल्याला वाटतं, भूक म्हणजे गाडीतला पेट्रोलचा काटा. टाकी रिकामी झाली की काटा खाली. खरं तर भूक हा मेंदूकडे जाणारा एक निरोप आहे आणि तो मध्येच अडवता येतो.

अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन हे शास्त्रज्ञ १८९० च्या दशकात क्ष-किरणांखाली मांजरांचं पचन पाहत होते. मांजर शांत असलं की जठराची हालचाल व्यवस्थित चाले. ते घाबरलं किंवा चिडलं की हालचाल तिथल्या तिथे थांबे. पुढे त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न याने चक्क एक फुगा गिळला. जठर आकुंचन पावलं की फुग्यावर दाब पडून त्याची नोंद होई, आणि भुकेची कळ जाणवली की वॉशबर्न बटण दाबे. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्ही नोंदी जुळल्या. म्हणजे पोटातली ती कळ जठराच्या आकुंचनाची होती, आणि उत्तेजनेत हे आकुंचनच थंडावतं.

मामांच्या शरीरातही हेच घडलं. धावपळ आणि उत्साहात ॲड्रेनालिन वाढतं. ते रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळवतं आणि जठराला जणू "नंतर बघू" म्हणून सांगतं. त्याच वेळी यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडली जाते. त्यामुळे न जेवताही हातपाय चालतात. शिवाय लक्ष शंभर कामांत असल्याने पोटाकडून येणारे बारीक निरोप मेंदूच्या ध्यानातच येत नाहीत, जसा चालू पंख्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

यात घड्याळाचाही भाग आहे. जठरातून घ्रेलिन नावाचं भूक वाढवणारं संप्रेरक स्रवतं. ते आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेला वाढतं आणि काही खाल्लं नाही तरी थोड्या वेळाने आपोआप खाली येतं. म्हणूनच "भूक मरून गेली" असं आपण म्हणतो. मामांची १ वाजताची लाट अशीच कामात निघून गेली.

संध्याकाळी मात्र सगळं उलटतं. काम संपतं, ॲड्रेनालिन उतरतं, जठर पुन्हा हलू लागतं आणि लक्षही मोकळं होतं. तोवर यकृतातला साठा बराच खर्च झालेला असतो. ताणाच्या वेळी वाढलेलं कॉर्टिसॉल ॲड्रेनालिनपेक्षा सावकाश ओसरतं आणि ते भूक वाढवतं, विशेषतः गोड आणि तेलकट खाण्याची. म्हणून हात वरण-भाताआधी जिलेबीकडे जातो!

अशा वेळी भराभर जेवलं तर हमखास जास्त खाल्लं जातं, कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण २० मिनिटं लागतात. आधी पाणी आणि एखादं केळं, मग थोड्या वेळाने जेवण, हे सोपं पडतं.

निरोगी माणसाचं एखादं जेवण चुकलं तर फारसं बिघडत नाही. पण इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींसाठी "भूक नाही" हा शब्द धोक्याचा ठरू शकतो. औषध आपलं काम करतच राहतं आणि रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. त्याची लक्षणं म्हणजे घाम, हाताला कंप, छातीत धडधड. धावपळीतही हेच होत असल्याने फरक चटकन कळत नाही. म्हणून अशा माणसात यापैकी काहीही दिसलं, बोलण्यात गोंधळ होत असेल किंवा माणूस विनाकारण चिडत असेल, तर साखर उतरल्याची शंका घ्यावी. शुद्धीवर असेल तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावं, आणि बरं वाटलं की काहीतरी खायला द्यावं. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा.

त्यामुळे घरात असं कोणी औषधावर असेल, तर कार्याच्या दिवशी "भूक लागली का?" असं विचारत बसू नका. जेवणाची वेळ झाली की ताट हातात द्या.