विश्लेषण : एफपीएस दुप्पट, तरी गेम ‘जड’ का वाटतो? फ्रेम जनरेशन कधी सुरू करावे?

‘सायबरपंक २०७७’सारख्या गेमच्या सेटिंगमध्ये अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन हे पर्याय शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींमुळे एफपीएसचा आकडा वाढतो. मात्र माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ, म्हणजेच इनपुट लॅग, पहिल्यामुळे सहसा घटतो आणि दुसऱ्यामुळे वाढतो.

अपस्केलिंगने लॅग का घटतो?

फोर-के पडद्यावर डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ मोडमध्ये ग्राफिक्स कार्ड चित्र १४४०पी मध्ये काढते आणि मग मोठे करते. निम्म्याहून कमी पिक्सेल काढावे लागल्याने प्रत्येक फ्रेम लवकर तयार होते. समजा, एफपीएस ४० वरून ६० झाला, तर एका फ्रेमचा वेळ २५ मिलिसेकंदांवरून सुमारे १७ वर येतो. या सगळ्या फ्रेम खऱ्या असतात.

फ्रेम जनरेशनने तो का वाढतो?

इथे दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम अंदाजाने तयार केली जाते. त्यासाठी दुसरी खरी फ्रेम आधी हातात असावी लागते. ती तयार असूनही, मधली दाखवून होईपर्यंत रोखून धरली जाते. खरे ६० एफपीएस असतील तर हा खोळंबा साधारण ८ मिलिसेकंदांचा, ३० असतील तर १७ चा. शिवाय या कामात कार्डचा वेळ जातो. त्यामुळे ६० चे थेट १२० होत नाहीत. खरे ५५ आणि दिसणारे ११० असे काहीसे होते. माउसची हालचाल फक्त त्या ५५ मध्येच उमटते.

मग कोणत्या गेममध्ये काय?

‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘व्हॅलोरंट’सारख्या स्पर्धात्मक गेममध्ये निशाणा काही मिलिसेकंदांनी चुकतो. तिथे ग्राफिक्स कमी करून खऱ्या फ्रेम वाढवाव्यात आणि ‘रिफ्लेक्स’ सुरू ठेवावे. कथाप्रधान गेममध्ये आधी अपस्केलिंगने खरे ६० एफपीएस गाठावेत, मगच फ्रेम जनरेशन लावावे. ३० वर ते लावल्यास चित्र गुळगुळीत दिसते, पण कॅमेरा हातामागे रेंगाळतो आणि पात्राच्या कडांभोवती चित्र फाटल्यासारखे दिसते.

६० हर्ट्‌झचा सापळा

मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल आणि व्ही-सिंक सुरू असेल, तर दिसणाऱ्या फ्रेम ६० वरच अडतात. त्यातल्या निम्म्या तयार केलेल्या असल्याने खऱ्या फक्त ३० उरतात. काउंटर तेव्हाही ६० च दाखवतो. अशा मॉनिटरवर हा पर्याय बंदच बरा. १२० किंवा त्याहून अधिक हर्ट्‌झच्या पडद्यावर त्याचा खरा उपयोग होतो.

ओळखायचे कसे?

एनव्हिडिया कार्ड असल्यास Alt+R दाबून ‘PC Latency’ हा आकडा पाहावा. एकाच जागी उभे राहून फ्रेम जनरेशन बंद आणि सुरू करून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. निर्णय एफपीएसवर नव्हे, या फरकावर घ्यावा.